मदत हवी आहे: घशात सतत कफ ओघळतो, खाकरून खाकरून वैताग आलाय

खडूवाला_मास्तर
नमस्कार मंडळी. चार महिने झाले, घशाच्या मागे सतत काहीतरी ओघळतंय. खाकरलं की दोन मिनिटं बरं वाटतं, मग पुन्हा तेच. रात्री आडवं झालो की जास्त, सकाळी चुळा भरताना तर शेजारच्यांनाही ऐकू जातं. सर्दी नाही, ताप नाही. मी शाळेत शिकवतो. मागच्या बाकावरच्या पोरांनी एका तासात माझं खाकरणं मोजलं, ४१ वेळा! वहीच्या मागच्या पानावर काड्या मारून ठेवल्या होत्या. जलनेती रोज करतो, काडीचाही फरक नाही. एक्स-रे काढला, छाती स्वच्छ आहे. कृपया ठोस उपाय सांगा, काढे-बिढे सगळे करून झालेत.

सुलूमावशी
दूध बंद करा. दुधाने कफ होतो. आमच्याकडे सगळ्यांचं बंद केलं आणि फरक पडला.

रानवारा
मावशी, दूध प्यायल्यावर थुंकी थोडा वेळ दाट लागते, त्यामुळे कफ वाढल्यासारखं वाटतं. पण दुधाने नाकात जास्त कफ तयार होतो असं नाही. मास्तर, दुधाचा चहा सोडून काळा चहा सुरू करू नका, आधीच त्रासात आहात.

सुलूमावशी
मी अनुभव सांगतेय, पुस्तक नाही.

कोपऱ्यातला_कट्टा
माझ्या मुलीला टॉन्सिल्सचा त्रास आहे, दर महिन्याला घसा सुजतो. ऑपरेशन करावं का? कोणी केलंय?

ओपीडीतली_ताई
कट्टा, मुलीसाठी वेगळा धागा काढा, इथे दोन्ही गोष्टींची सरमिसळ होईल.
मास्तर, तुम्ही 'जलनेती करतो' एवढंच लिहिलंत. बारा वर्षं कान-नाक-घशाच्या ओपीडीत काढलीत म्हणून विचारते: पाणी कोणतं? मीठ किती? डोकं कसं ठेवता? नाकात दुसरं काही घालता का? जेवण किती वाजता, झोप किती वाजता?

खडूवाला_मास्तर
ताई, पाणी फिल्टरचं, कोमट. मीठ एक चमचा, वरपर्यंत भरलेला. डोकं मागे करून सोडतो, म्हणजे घशापर्यंत जाईल ना. झणझणतं, पण म्हटलं झणझणतंय म्हणजे काम करतंय. जेवण साडेदहाला, कारण शाळेनंतर क्लास असतात. अकराला आडवा.

रानवारा
आता कळलं फरक का नाही ते.

ओपीडीतली_ताई
झणझणणं म्हणजे काम करणं नव्हे हो, मास्तर! पाव लिटर पाण्यात साधारण सव्वादोन ग्रॅम मीठ पुरतं. चहाचा सपाट चमचा अर्ध्याहून किंचित कमी. तुम्ही तिपटीच्या आसपास टाकताय, त्याने अस्तर चिडतं आणि आणखी पाणी सुटतं. चिमूटभर खाण्याचा सोडा घातला तर आणखी सुसह्य होतं. मीठ बिनआयोडीनचं मिळालं तर बरं.
फिल्टरचं पाणी थेट नको. खळखळून उकळून कोमट केलेलं किंवा दुकानातलं डिस्टिल्ड. न उकळलेल्या पाण्यातला अमीबा नाकावाटे मेंदूपर्यंत जाऊन माणसं दगावली आहेत. असं क्वचितच होतं, पण उकळण्याचा खर्च शून्य आहे. भांडंही रोज धुऊन वाळवा.
आणि डोकं मागे नाही, पुढे! बेसिनवर वाका, मान एका बाजूला वळवा, तोंडाने श्वास घ्या, वरच्या नाकपुडीत सोडा. पाणी खालच्या नाकपुडीतून पडलं पाहिजे. घशात गेलं तर कोन चुकला. नंतर नाक हळू, एकेक बाजूने शिंकरा. जोरात शिंकरलं तर कानात दडा बसतो.
पण 'नाकात दुसरं काही घालता का' याचं उत्तर राहिलं.

पुणेरी_पाटी
बीपीची गोळी घेता का? माझ्या सासऱ्यांना बीपीच्या गोळीने सहा महिने खोकला होता. गोळी बदलली आणि आठवड्याभरात थांबला. शंभर टक्के तेच आहे.

खडूवाला_मास्तर
घेतो, टेल्मिसार्टन. बंद करू?

ओपीडीतली_ताई
अजिबात नाही! पाटीदादांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. खोकला देणाऱ्या गोळ्यांची नावं 'प्रिल'ने संपतात, एनालाप्रिल, रॅमिप्रिल वगैरे. तुमची त्या गटातली नाही. शिवाय तो कोरडा खोकला असतो. गोळी मनाने सोडू नका. नाकातलं सांगा.

खडूवाला_मास्तर
अहो, त्यात काय सांगायचं. नाक चोंदतं म्हणून रात्री ते चोंदलेलं नाक मोकळं करणारे थेंब घालतो. दोन-दोन थेंब. ते औषध थोडंच आहे, दुकानात सहज मिळतात. तीन महिने झाले असतील.

ओपीडीतली_ताई
हेच ते! ऑक्सिमेटाझोलीन किंवा झायलोमेटाझोलीन लिहिलंय का बाटलीवर? हे थेंब तीन-पाच दिवसांपुरते असतात. त्याहून जास्त घातले की असर उतरताच नाक आधीपेक्षा जास्त चोंदतं, मग आणखी थेंब. तुम्हाला वाटतं सर्दी आहे, पण निम्मं नाक थेंबांनीच सुजवलेलं असतं. आणि बीपी असताना तर ते विचारल्याशिवाय नकोतच.
कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवून सोडा. बऱ्याचदा आधी एका नाकपुडीतले थेंब बंद करतात, ती सुधारली की दुसरीतले. सोबत स्टिरॉइडचा नाकातला फवारा देतात. तो मिठाच्या पाण्यानंतर मारायचा, टोक मधल्या पडद्याकडे नाही, बाहेर डोळ्याच्या कोपऱ्याकडे. उजव्या नाकपुडीला डावा हात वापरला की आपोआप कोन जमतो. फवाऱ्याचा पूर्ण गुण यायला एक-दोन आठवडे लागतात. पहिल्या चार रात्री वाईट जातील, सांगून ठेवते.

पुणेरी_पाटी
तरी पण बीपीची गोळी तपासून घ्याच.

रानवारा
आणि साडेदहाला जेवून अकराला आडवं, त्याचं काय? माझं सगळं नाकाचं म्हणून चाललं होतं, शेवटी पोटातलं आम्ल घशापर्यंत येत होतं निघालं. छातीत जळजळ अजिबात नव्हती. जेवण आणि झोप यात तीन तास ठेवले, पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली सहा इंचांच्या विटा ठेवल्या. दोन उशा घेऊन झोपू नका, त्याने पोट आणखी दुमडतं.

ओपीडीतली_ताई
विटांचं बरोबर. आडवं झालं की नाकातलंही मागे ओघळतं, त्यामुळे दोन्हींना फायदा. पण आम्ल का नाक, हे नुसत्या लक्षणांवरून मी सांगणार नाही. आवाज तीन आठवड्यांहून जास्त घोगरा असेल, कफात रक्त असेल, गिळताना अडकत असेल, किंवा एकाच नाकपुडीतून घाण वास येत असेल, तर थांबू नका, लवकर दाखवा.

सुलूमावशी
मास्तर, धूप-गुग्गुळ कोणी लावतं का घरात?

खडूवाला_मास्तर
मावशी, आई रोज लावते. संध्याकाळी घर धुराने भरतं. आईला कसं सांगू?

सुलूमावशी
'माझ्या खाकरण्यासाठी' म्हणून सांगा, नाही म्हणणार नाही. आमच्याकडे तेवढ्यासाठी गॅलरीत लावतात. आणि कापसाची गादी उन्हात घाला.

खडूवाला_मास्तर
अपडेट, बावीस दिवसांनी. डॉक्टरांना दाखवलं, नाकाचं अस्तर सुजलेलं आहे म्हणाले, थेंब बंद, फवारा सुरू. पहिल्या तीन रात्री बसून काढल्या, ताईंना शिव्या दिल्या, माफ करा. आता नाक मोकळं आहे. खाकरणं कमी झालं, पण गेलं नाही. डॉक्टर म्हणतात खाकरल्याने घसा स्वतःच सोलवटतो, म्हणून आवंढा गिळा, पाण्याचा घोट घ्या. टेबलावर बाटली ठेवतो. विटा ठेवल्या, बायको घसरून खाली येते म्हणते. जेवण अजून साडेनऊच्या आधी होत नाही, क्लास आहेत. पोरांनी परवा मोजलं, १९.

कोपऱ्यातला_कट्टा
बाटली कुठली घेतलीत? लिंक द्या.