लिंकवरून अॅप्टिट्यूड टेस्ट दिली, पोच काहीच नाही. कुणाला आणि काय विचारू?

पायवाट
नमस्कार मंडळी. पुण्यातल्या एका कंपनीत ऑपरेशन्स अॅनालिस्टच्या जागेसाठी अर्ज केला आहे. गेल्या मंगळवारी तिथल्या एचआरचा मेल आला, त्यात दोन लिंक होत्या. पहिली गूगल फॉर्मची, 12 प्रश्न: नोटीस पिरियड, अपेक्षित पगार, रात्रपाळी चालेल का, असे. दुसरी 60 मिनिटांच्या अॅप्टिट्यूड टेस्टची, भलत्याच कंपनीच्या साइटवर, कॅमेरा चालू ठेवून. शेवटी Finish Test दाबलं, चक्र फिरत राहिलं आणि पान पांढरं झालं. मी टॅब बंद केला. आज आठवडा झाला, दोन्हींची पोच नाही. एचआरला फोन करून रिझल्ट विचारू का? आणि लिंक पुन्हा उघडून बघितली तर चालेल का?

सह्यकडा
उघडा की बिनधास्त. टेस्ट जमा झाली असेल तर "आधीच दिली आहे" असं येतं, नसेल तर उरलेली सोडवता येते. दोन मिनिटांचं काम.

तलाठी_इच्छुक
उत्तरतालिका आली का ते लॉगिनमध्ये बघा ना. आमच्या भरतीत आधी आपली उत्तरं दिसली, मग हरकती घेतल्या, मग गुण. तुमचीही हरकतीची मुदत निघून जायची, लवकर बघा.

जुनी_पाटी
@तलाठी_इच्छुक, सरकारी भरतीत ते होतं. खासगी कंपनीच्या चाळणीत उत्तरतालिकाही नसते आणि हरकतही नसते. बहुतेक ठिकाणी गुण उमेदवाराला दाखवतच नाहीत, अहवाल थेट एचआरकडे जातो.

@सह्यकडा यांचं अर्धं बरोबर आहे. मुदत उलटली असेल तर लिंक उघडून काही बिघडत नाही. मुदत चालू असेल तर मात्र जपून. टेस्टचं घड्याळ सर्व्हरवर चालतं, टॅब बंद केला म्हणून ते थांबत नाही. टेस्ट अर्धवट म्हणून नोंदलेली असेल, तर पुन्हा शिरणं हे दुसऱ्यांदा लॉगिन म्हणून अहवालात दिसू शकतं. त्यामुळे पायवाट, आधी मेलमध्ये शेवटची तारीख बघा.

पांढऱ्या पानाने घाबरू नका. बहुतेक साइटवर पुढच्या प्रश्नावर जाताना आधीचं उत्तर सर्व्हरवर साठवलं जातं. शेवटचं बटण फक्त "संपलं" एवढा निरोप देतं. तो निरोप नेट अडखळल्याने अडकला, तरी वेळ संपल्यावर बऱ्याच साइट पेपर आपोआप जमा करून घेतात. कॅमेऱ्याच्या चित्रणाचं तेवढं वेगळं आहे. काही ठिकाणी ते शेवटी अपलोड होत असतं, आणि टॅब लवकर बंद केला तर पेपर पूर्ण पण चित्रण अपुरं असं होतं.

आता एक सांगा. टेस्टच्या पहिल्या पानावर नाव आणि ईमेल तुम्ही स्वतः भरलात, की आधीच भरलेलं होतं?

पायवाट
स्वतः भरलं. म्हणजे ब्राउझरने सुचवलं, मी पुढे गेले. मुदत रविवारी संपली.

जुनी_पाटी
मग खरी गोम तिथे असण्याची शक्यता जास्त. लिंक दोन तऱ्हेच्या असतात. एक फक्त तुमच्यासाठी बनवलेली: मेल टेस्ट कंपनीकडून येतो आणि ईमेल आधीच भरलेला असतो. दुसरी सगळ्यांना एकच, एचआर आपल्या मेलमध्ये चिकटवते. या दुसऱ्या प्रकारात तुम्ही जो ईमेल टाकाल तीच तुमची ओळख. एक अक्षर चुकलं किंवा जुना पत्ता पडला, तर पोच तिकडे जाते, आणि एचआरच्या यादीत तुमचा अर्ज एका पत्त्यावर, पेपर दुसऱ्या पत्त्यावर राहतो. त्यांच्या दृष्टीने तुम्ही टेस्ट दिलेलीच नाही.

ब्राउझर जे जे पत्ते सुचवतो त्या सगळ्या खात्यांत शोधा. जीमेलच्या शोधपट्टीत हे टाका, स्पॅम आणि ट्रॅशही बघितलं जातं:

```
in:anywhere newer_than:14d (test OR assessment)
```

मेघना_प
भरतीच्या बाजूला काम करते, म्हणून फॉर्मबद्दल लिहिते. गूगल फॉर्मवरून उत्तरांची प्रत मेलने तेव्हाच येते, जेव्हा फॉर्म बनवणाऱ्याने ती सोय चालू केलेली असते. बरेच जण करत नाहीत. म्हणून फॉर्मची पोच न येणं यावरून काहीच कळत नाही. सबमिटनंतर "उत्तर नोंदवलं" असं पान दिसलं असेल तर तो पोचला.

पण रात्रपाळी आणि नोटीस पिरियड हे प्रश्न बहुधा गाळणीचे असतात. उत्तर बसलं नाही तर अर्ज तिथेच बाजूला पडतो आणि कळवलं जाईलच असं नाही. म्हणून मेलमध्ये दोन्ही गोष्टी विचारा, पण निरनिराळ्या.

पायवाट
जुनी पाटी, सापडलं! कॉलेजच्या वेळचं जुनं खातं. त्यात मंगळवारी दुपारी 4:12 ला टेस्ट कंपनीचा "टेस्ट पूर्ण" असा मेल पडलाय. अर्ज मात्र नव्या पत्त्यावरून आहे. आता नव्या पत्त्याने टेस्ट पुन्हा देऊ का?

सह्यकडा
मुदत संपली म्हणता, मग लिंक उघडणारच नाही. उघडली तर देऊन टाका, एकच नीट नोंद राहील.

मेघना_प
नको सह्यकडा, असं सुचवू नका. एकाच माणसाचे दोन पेपर दिसले की पहिला प्रश्न येतो तो दोनदा संधी घेतल्याचा. कॅमेऱ्यातला चेहराही तोच असतो.

ताई, टेस्ट कंपनीच्या मदत-पत्त्यावर लिहून गुण मिळणार नाहीत. पेपर जमा झाला की नाही एवढं ते सांगतील, आणि ते तुम्हाला आता कळलंच आहे. म्हणून थेट एचआरला, आणि ज्या मेलमध्ये लिंक आली त्यालाच उत्तर म्हणून लिहा, म्हणजे मागचा पत्रव्यवहार खाली राहतो. विषयात पद, अर्ज क्रमांक आणि तुमचं पूर्ण नाव. मेल इंग्रजीतच जाईल, मजकूर साधारण असा:

"मंगळवारी आपल्या लिंकवरून टेस्ट पूर्ण केली. टेस्टच्या वेळी चुकून माझा दुसरा ईमेल भरला गेला. अर्जाचा ईमेल हा, टेस्टचा ईमेल हा. पूर्ण झाल्याचा मेल सोबत जोडला आहे. हा पेपर माझ्या अर्जाशी जोडता येईल का? तसंच त्याच दिवशी भरलेला फॉर्म आपल्याकडे पोचला आहे का, एवढं कळवावं."

रिझल्टचा शब्द काढू नका. तो निर्णय मेल वाचणाऱ्याच्या हातात बहुतेक नसतो, पण नोंद शोधून जोडणं असतं. मेलचा नुसता स्क्रीनशॉट लावू नका, मूळ मेल जोडा. त्यात वेळ आणि टेस्टचा क्रमांक असतो, त्यावरून शोधायला सोपं जातं.

जुनी_पाटी
आणि आजच पाठवा. यादी पुढच्या फेरीसाठी बंद झाली की मागची नोंद जोडायला कुणी बसत नाही. तीन कामाचे दिवस उत्तर नाही आलं तर एकदा फोन, अर्ज क्रमांक हाताशी ठेवून.

मेघना_प
फोनबद्दल माझं मत वेगळं. मोठ्या भरतीत फोन उचलणाऱ्याला तुमची नोंद दिसतच नाही. त्यापेक्षा त्याच मेलवर दुसरं स्मरण बरं.

पायवाट
मेल आत्ताच पाठवला, मूळ मेल जोडून. पण गूगल फॉर्ममध्ये कुठला पत्ता दिला ते आठवत नाही, आणि फॉर्म उघडला तर पुन्हा कोरा दिसतोय. म्हणजे तो गेलाच नाही का?

मेघना_प
कोरा दिसतो यावरून ठरत नाही. एकाच उत्तराची मर्यादा घातली नसेल तर गेलेला फॉर्मही पुन्हा कोराच उघडतो. क्रोममध्ये Ctrl+H दाबून मंगळवारच्या नोंदी बघा. त्या फॉर्मचा पत्ता शेवटी formResponse असा दिसला तर बहुधा सबमिट केलेला आहे, नुसताच viewform असेल तर बहुधा राहिला. तोवर पुन्हा भरू नका.

पायवाट
फॉर्म मोबाइलवर भरला होता, व्हॉट्सअॅपमधून लिंक उघडून. तिथली हिस्टरी कुठे सापडेल?