‘देवाकडे प्रार्थना’ की ‘देवाची प्रार्थना’?

गिरगावातील प्रार्थना समाजाकडून चौपाटीकडे चालत जाताना माझ्या दोन जुन्या मित्रांमध्ये झालेला हा वाद प्रार्थनेने काय होते यावरून सुरू झाला आणि शब्दांवर येऊन अडला. दत्ता आस्तिक आहे, अरविंद नास्तिक.

अरविंद म्हणाला, “‘प्रार्थना’ शब्दातला धातूच ‘अर्थ्’, म्हणजे मागणे. विद्यार्थी, शरणार्थी, प्रार्थी, सगळीकडे मागणेच आहे. ‘अर्ज’ही त्याच धातूचा.”

“अर्ज अरबीतून आला रे,” दत्ता म्हणाला, “बाकीचे मान्य.”

“मग मागितलेले मिळते का, हे मोजता येईल. अमेरिकेत मोजलेही आहे. 2006 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत बायपास झालेल्या 1802 रुग्णांचे तीन गट केले होते. आपल्यासाठी प्रार्थना होत आहे की नाही हे ज्यांना ठाऊक नव्हते, त्यांच्यापैकी प्रार्थना झालेल्या गटात 52 टक्के आणि न झालेल्या गटात 51 टक्के रुग्णांना शस्त्रक्रियेनंतर गुंतागुंत झाली. ज्यांना ती होत असल्याचे निश्चित सांगितले होते, त्यांच्यात मात्र 59 टक्के.”

“म्हणजे प्रार्थना बाधते म्हणतोस?”

“नाही. ‘आपली प्रकृती इतकी वाईट आहे का?’ या धास्तीने तसे झाले असेल किंवा तो निव्वळ योगायोग असेल. फायदा दिसला नाही, एवढेच.”

“पण घरच्यांना प्रार्थना करण्यापासून कोणी अडवले होते का? नव्हते. मग अनोळखी माणसांच्या जादा प्रार्थनेची ती परीक्षा झाली. शिवाय दुसऱ्याच्या वतीने नाव घेऊन मागणे म्हणजे आमच्या कोकणातले गाऱ्हाणे. एकाने घालायचे आणि बाकीच्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचे. मी ‘देवाकडे’ प्रार्थना करत नाही, ‘देवाची’ करतो.”

येथे मला दत्ताचे म्हणणे पटले, कारण ‘देवाकडे पावसासाठी प्रार्थना केली’ या वाक्यात मागणे असल्याशिवाय भागत नाही, तर ‘सकाळी देवाची प्रार्थना केली’ हे त्याशिवायही पूर्ण वाटते. अरविंदला मात्र ही पळवाट वाटली. “मागणे नसेल तर स्तवन म्हण, नामस्मरण म्हण. आजारपणात तुझा ‘ची’ जाऊन ‘कडे’ येतो, हे मी पाहिले आहे.”

दत्ताने ते नाकारले नाही.

चौपाटीवरच्या बाकावर बसलेल्या एक आजी मध्येच म्हणाल्या, “देव ऐकतो हो. मुलीच्या लग्नासाठी टिटवाळ्याला बोलले होते, वर्षात जमले, फेडूनही आले.”

“आजी, तो नवस,” दत्ता म्हणाला. नवस बोलतात आणि फेडतात. प्रार्थना फेडली असे कोणी म्हणत नाही.

“ते काही असो, मनापासून मागितले होते,” आजी म्हणाल्या.

“बघ,” अरविंद दत्ताला म्हणाला, “मागितले होते.”

“त्यांनी. मी नाही,” दत्ता म्हणाला आणि दोघेही तोच मुद्दा घोळवत पुढे निघाले.