बाबांच्या सिमचं नेटवर्क अचानक गेलं, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, आम्ही इंदूरला रामबागेत राहतो. आज दुपारी बाबांच्या फोनचं नेटवर्क एकदम गेलं. माझं सिम त्याच कंपनीचं, शेजारीच बसलेली मी, आणि मला पूर्ण रेंज. फोन बंद करून चालू केला, तरी तेच. मग त्यांचा नंबर लावून पाहिला तर चक्क रिंग वाजली, आणि बाबांचा फोन समोर मुका पडलेला! म्हणजे नंबर दुसऱ्याच सिमवर चालू झाला होता. सकाळी ‘सिम बदलण्याची विनंती मिळाली’ असा मेसेज आला होता, तो त्यांनी जाहिरात समजून सोडून दिला.

मी लगेच माझ्या फोनवरून कंपनीकडे नंबर बंद करवला आणि बँकेच्या हेल्पलाइनवर नेट बँकिंग, यूपीआय, कार्ड, सगळं थांबवलं. पैसे अजून शाबूत आहेत. बदललेल्या सिमवर पहिले २४ तास एसएमएस बंद असतात, बहुधा त्यानेच वाचलो. पण ओटीपी कॉलवरही येतो, म्हणून जीव टांगणीला लागलाय.

पैसे गेले नसताना सायबर फसवणुकीच्या १९३० हेल्पलाइनवर तक्रार घेतात का? आणि नवं सिम मिळालं की खातं लगेच सुरू करावं, की आधी बँकेत दुसरा नंबर नोंदवावा? कुणी यातून गेलं असेल तर कृपया आजच सांगा.