वाचनालयात चोरी झाली, पोलिसांना द्यायचं पत्र कसं लिहू? मदत हवी आहे

वाचनालयाचा_चिटणीस
नमस्कार मंडळी. बेळगावजवळच्या एका गावात आमचं जुनं सार्वजनिक वाचनालय आहे, संस्था नोंदणीकृत आहे. शनिवारी 14 जूनला संध्याकाळी साडेसातला बंद केलं. रविवारी सुट्टी असते. सोमवारी पावणेदहाला शिपाई आला तर मागच्या खिडकीचा गज कापलेला आणि ऑफिसचं कपाट उघडं. लॅपटॉप गेला, प्रोजेक्टर गेला, इन्व्हर्टरची बॅटरी गेली, शिवाय कॅमेऱ्याचा डीव्हीआरच उचलून नेला, म्हणजे चित्रणही गेलं.

मी एक कच्चं पत्र लिहिलंय:

"आमच्या संस्थेतील एक लॅपटॉप, प्रोजेक्टर व इतर साहित्य गहाळ झाले असून संस्थेचे अंदाजे एक लाखाचे नुकसान झाले आहे. तरी योग्य ती कारवाई व्हावी ही नम्र विनंती."

एवढं पुरे का? प्रोजेक्टर एका सभासदाने देणगी दिलेला, त्याचं बिल नाही. आणि पत्र मराठीत चालेल की कन्नडातच द्यावं लागेल? आज मंगळवार, अजून ठाण्यात गेलो नाही. समितीची बैठक गुरुवारी आहे, ठराव झाल्यावर जावं म्हणतोय.

खडेबाजारचा_पोरगा
काका, ठाण्यात जायची काही गरज नाही ओ. पोलिसांच्या ॲपवर हरवलेल्या वस्तूंची नोंद करता येते, दोन मिनिटांत पावती मिळते. मी माझं लायसन्स हरवलं तेव्हा तसंच केलं. आणि पाच हजारांच्या आतली चोरी असेल तर एफआयआर होतच नाही, हेही लक्षात ठेवा.

निवृत्त_रायटर
पोरा, हरवलं आणि चोरलं यात फरक आहे. त्या ॲपची पावती डुप्लिकेट कागद काढायला चालते, चोरीच्या तपासाला नाही. पाच हजारांचं तुझं अर्धं बरोबर आहे. भारतीय न्याय संहितेच्या 303 मधली साधी चोरी पाच हजारांच्या आत असेल तर ती अदखलपात्र धरतात. पण माल ठेवायच्या इमारतीत शिरून केलेली चोरी 305 मध्ये येते, तिथे ही पाच हजारांची अट नाही. वर गज कापून आत शिरलेत, म्हणजे घरफोडीचं कलमही लागतं.

चिटणीससाहेब, मी ठाण्यात बरीच वर्षं रायटर होतो, फिर्यादी लिहिण्यातच नोकरी गेली. तुमच्या पत्रातले दोन शब्द आधी खोडा: "गहाळ" आणि "इतर साहित्य". गहाळ म्हणजे तुमच्याच हातून कुठेतरी राहिलं असा अर्थ निघतो, समोरचा माणूस अर्ज घेऊन बाजूला ठेवायला मोकळा. आणि "इतर साहित्य" सापडलं तरी ते तुमचं हे कसं सिद्ध करणार?

गुरुवारची वाट बघू नका. फिर्याद मालकानेच द्यावी असं नसतं, गुन्हा माहीत असलेला कोणीही देऊ शकतो. ठराव नंतर मंजूर करून घ्या. उशीर झाला तर का झाला ते पत्रात लिहावं लागेल, आत्ताच एक दिवस गेलाय.

मला आधी एक सांगा, खिडकीचं काय केलंत?

वाचनालयाचा_चिटणीस
चूक कबूल करतो. सोमवारी दुपारीच वेल्डरला बोलावून गज लावून घेतला, पाऊस आत येत होता. काचा झाडून टाकल्या. शिपायाने मोबाईलवर चार-पाच फोटो मात्र काढलेत.

निवृत्त_रायटर
असो, बहुतेक संस्था हेच करतात. वेल्डरकडे कापलेला गज आहे का विचारा. असेल तर कापडात गुंडाळून ठेवा, पुसू नका. कापलेल्या टोकावर हत्याराची खूण असते. फोटो मूळ मोबाईलमध्येच राहू द्या, व्हॉट्सॲपवरून गेलेल्या प्रतीत वेळेची माहिती उरत नाही. दुरुस्ती केल्याचं पत्रात स्वतःच लिहा. पंचनाम्याला लोक आले आणि नवा गज दिसला, तर "घरफोडी कुठाय" हा प्रश्न तिथेच उभा राहतो.

टिळकवाडीची_आजी
आमच्या सोसायटीत असंच झालं होतं, दोन शेअर सर्टिफिकेटं सापडेनात. मग पेपरात जाहिरात दिली आणि बाँडवर लिहून दिलं, डुप्लिकेट मिळाली. तुम्हीही तसंच करा, पोलिसांच्या नादाला लागू नका.

वाचनालयाचा_चिटणीस
आजी, धन्यवाद. पण आमचं सर्टिफिकेट नाही, चोरीच आहे.

अथणीची_हिशेबनीस
मी एका पतसंस्थेत हिशेब बघते. मला वस्तूंपेक्षा कागदांची काळजी वाटते. कपाट उघडं होतं म्हणताय, त्यात चेकबुक, गोल शिक्का, लेटरहेड होतं का? लॅपटॉपला किंमत आहे म्हणून तो सगळ्यांना आठवतो. शिक्क्याची किंमत दोनशे रुपये, पण त्या शिक्क्याने उद्या कोणी तुमच्या नावाने पत्र काढलं तर? आधी डेड स्टॉक रजिस्टर घेऊन एकेक वस्तू जुळवा, मग कपाटातल्या कागदांची यादी करा.

देणगीच्या प्रोजेक्टरचं बिल नसलं तरी रजिस्टरमध्ये नोंद असेल. ज्या वर्षी मिळाला त्या वर्षाच्या अहवालात फोटो असेल. देणगीदाराकडून "अमुक वस्तू संस्थेला दिली" असं दोन ओळींचं पत्र घ्या.

वाचनालयाचा_चिटणीस
ताई, तुम्ही सांगितलंत म्हणून कपाट परत पाहिलं. गोल शिक्का नाही! चेकबुकही नाही, दहा कोरे चेक शिल्लक होते. त्यातल्या दोनवर खजिनदारांनी आधीच सही करून ठेवली होती, पुस्तकांच्या बिलासाठी. सोमवारी कोणाच्या लक्षातच आलं नाही.

अथणीची_हिशेबनीस
धागा वाचत बसू नका, आत्ता बँकेत जा. दहाही चेकचे नंबर काउंटरफॉइलवर मिळतील, नाहीतर बँक सांगेल. स्टॉप पेमेंट लेखी द्या आणि पोच घ्या. सह्या झालेले कोरे चेक ठेवणं ही आपल्याकडची जुनी खोड, खजिनदारांना ऐनवेळी सही करायला वेळ नसतो ना!

वाचनालयाचा_चिटणीस
बँकेत जाऊन आलो. आता लॅपटॉपचा सीरियल नंबर. बिलावर फक्त मॉडेल आहे.

निवृत्त_रायटर
खोक्यावरचा स्टिकर बघा. खोकं टाकलं असेल तर दुरुस्तीवाल्याच्या सर्व्हिस रिपोर्टवर नंबर असतो. तिथेही नसेल तर दुकानदाराला विचारा, त्याने कंपनीकडून माल घेतला तेव्हाच्या कागदावर नोंद असते. नंबर नसेल तर ओळखीची खूण लिहा, ओरखडा, चिकटवलेला कागद, संस्थेचं नाव, काहीही.

वाचनालयाचा_चिटणीस
सर्व्हिस रिपोर्टवर मिळाला! हे बघा नवं पत्र:

"प्रति, मा. पोलीस निरीक्षक, (ठाणे)
विषय: संस्थेच्या कार्यालयात झालेल्या घरफोडी व चोरीबाबत फिर्याद

मी (नाव), वय (…), (संस्था), नोंदणी क्र. (…) या वाचनालयाचा चिटणीस असून खालीलप्रमाणे फिर्याद देतो.

दि. 14 जून 2025, शनिवारी सायंकाळी 7.30 वाजता शिपाई व मी कार्यालय कुलूप लावून बंद केले. त्या वेळी खालील सर्व वस्तू कार्यालयात होत्या. रविवारी कार्यालय बंद होते. दि. 16 जून रोजी सकाळी 9.45 वाजता शिपायाने दार उघडले असता मागील खिडकीचा एक गज कापलेला व ऑफिसचे कपाट उघडलेले दिसले. समोरच्या दाराचे कुलूप जसेच्या तसे होते. त्याने मला 9.50 वाजता फोन केला, मी 10.15 ला पोहोचलो.

चोरीस गेलेली मालमत्ता:
1) लॅपटॉप, (कंपनी, मॉडेल, सीरियल नंबर), ऑगस्ट 2022 मध्ये रु. 42,500 ला खरेदी, बिल जोडले आहे. झाकणावर संस्थेच्या नावाचा स्टिकर, डाव्या कोपऱ्याला तडा.
2) प्रोजेक्टर, (कंपनी), देणगी, डेड स्टॉक रजिस्टर पान क्र. (…), देणगीदाराचे पत्र जोडले आहे.
3) इन्व्हर्टरची 150 एएच बॅटरी, खरेदी रु. 14,800, वॉरंटी कार्डवरील नंबर (…).
4) कॅमेऱ्यांचा 8 चॅनेल डीव्हीआर.
5) संस्थेचा गोल शिक्का, चेकबुक, चेक क्र. (…) ते (…), पैकी दोनवर खजिनदारांची सही. बँकेला दि. 17 जून रोजी लेखी कळवले आहे.

पावसाचे पाणी आत येत असल्याने दि. 16 रोजी दुपारी खिडकी दुरुस्त करून घेतली. दुरुस्तीपूर्वीचे फोटो जपून ठेवले आहेत व कापलेला गज वेल्डरकडे मागितला आहे. यादी जुळवण्यात व बँकेस कळवण्यात वेळ गेल्याने फिर्याद देण्यास एक दिवस उशीर झाला.

कार्यालयाच्या चाव्या चिटणीस, शिपाई व खजिनदार अशा तिघांकडे असतात."

निवृत्त_रायटर
आता कसं! शेवटी "आणखी काही गेल्याचे आढळल्यास कळवू" अशी ओळ घाला. किमतीची बेरीज कुठेच नाही. खरेदी किमतीची बेरीज द्या आणि ती खरेदी किंमतच आहे असं लिहा. प्रोजेक्टरची अंदाजे किंमत वेगळी दाखवा.

खडेबाजारचा_पोरगा
पण संशयित कोण ते लिहिलंच नाही की? मागच्या वर्षी काढलेला मुलगा नव्हता का तुमच्याकडे? नाव टाका, पोलीस त्याला धरून विचारतील.

वाचनालयाचा_चिटणीस
हाच माझा घोळ आहे. समितीतले दोघे त्याचंच नाव घ्या म्हणतायत. पण मला काही माहीत नाही, फक्त तो भांडून गेला.

निवृत्त_रायटर
भांडून गेला ही तुमची माहिती, त्याने चोरी केली ही तुमची कल्पना. पहिली विचारली तर सांगा, दुसरी पत्रात नको. नाव चुकलं तर त्या पोराला गाव काय म्हणेल? आणि तपासही तिकडेच अडकतो.

अथणीची_हिशेबनीस
माझं मत जरा वेगळं आहे. मी नाव लिहिणार नाही, पण तो कधी सोडून गेला आणि त्याने चावी परत केल्याची नोंद आहे का, एवढं वस्तुस्थिती म्हणून नक्की लिहीन. नाहीतर उद्या समितीतले दोघे "तुम्ही लपवलंत" म्हणतील. यावर आपलं जुळणार नाही बहुतेक.

विमा असेल तर कंपनीलाही आजच कळवा. घरफोडीच्या पॉलिसीत जबरदस्तीने आत शिरल्याची खूण बघतात, कापलेला गज तिथेही कामाचा.

वाचनालयाचा_चिटणीस
विमा आहे. भाषेचं राहिलं, कन्नडातच का?

निवृत्त_रायटर
मराठी पत्र घेऊन जा, तोंडी सांगितलेलंही लिहून घ्यावं लागतं. पण ठाण्याचं कामकाज कन्नडात, एफआयआर कन्नडातच लिहिला जाईल. सही करायच्या आधी वाचून दाखवा म्हणा, तो तुमचा हक्क आहे. सोबत कन्नड वाचणारा एकजण न्या. पत्राच्या दोन प्रती घ्या, एकीवर शिक्का-सहीची पोच आणा. एफआयआरची प्रत फुकट मिळते. नोंदच घेतली नाही तर तेच पत्र पोस्टाने वर पाठवायचं. गाव कमिशनरेटच्या हद्दीत असेल तर पोलीस आयुक्तांकडे, नसेल तर जिल्हा पोलीस अधीक्षकांकडे.

वाचनालयाचा_चिटणीस
(दुसऱ्या दिवशी) एफआयआर झाला, प्रत मिळाली. घाईत वाचून घ्यायचं राहिलं, सही करून आलो. घरी शेजारच्या मास्तरांनी वाचून दाखवला तर डीव्हीआरच्या जागी "टीव्ही" लिहिलंय, आणि शिक्का यादीत नाहीच. आता?

निवृत्त_रायटर
सांगितलं होतं की ओ! एफआयआर खोडता येत नाही. लेखी अर्ज द्या, तपासी अधिकारी तुमचा पुरवणी जबाब घेतील, त्यात दोन्ही दुरुस्त करून घ्या. कालचं पोच घेतलेलं पत्र सोबत न्या, त्यात शिक्का आहे ना, तोच तुमचा आधार. आणि या वेळी मास्तरांना घेऊन जा.

वाचनालयाचा_चिटणीस
मास्तर तयार आहेत, उद्या दहाला जातो. वेल्डरने गज भंगारात टाकला म्हणून सांगितलं होतं, आत्ता त्याचा फोन आला, ढिगात सापडला म्हणे.

टिळकवाडीची_आजी
आणि पेपरात जाहिरात?

अथणीची_हिशेबनीस
आजी, शिक्क्यासाठी खरंच द्यायला हवी. जुना शिक्का आजपासून ग्राह्य नाही अशी, आणि नवा शिक्का वेगळ्या आकाराचा करून घ्या.