अनुभव धागा: त्याच पैशांत कन्सोल की गेमिंग पीसी, पाच वर्षांनी कोण पुरं पडतं?

पीएस५ भारतात २ फेब्रुवारी २०२१ ला आला, ४९,९९० रुपयांना. त्या सुमारास ज्यांनी तो घेतला, किंवा तेवढ्याच पैशांत पीसी जुळवला, त्यांनी इथे लिहावं. घेतल्या दिवशी कशावर फ्रेम जास्त मिळाल्या, हे नको. नवा गेम आला आणि घरचं यंत्र अपुरं पडलं असं पहिल्यांदा कधी झालं, नेमकं काय कमी पडलं आणि मग तुम्ही काय केलंत, हे सविस्तर हवं. आधीच्या पिढीचे अनुभवही चालतील, कारण त्यांचं पूर्ण आयुष्य आपल्यासमोर आहे.

सिद्धेश्वर_पेठ

माझा पीएस४, २०१४ च्या सुरुवातीला ३९,९९० ला घेतलेला. नोव्हेंबर २०२२ मध्ये 'गॉड ऑफ वॉर रॅग्नरॉक' त्याच्यावरच पूर्ण खेळलो. सेकंदाला ३० फ्रेम, पण गेम कुठेही अडला नाही. जवळजवळ नऊ वर्षं जुन्या यंत्रावर त्या वर्षीचा सगळ्यात मोठा गेम चालला, यात मला सगळं आलं.

अपुरेपणा त्याआधी जाणवला होता, डिसेंबर २०२० मध्ये 'सायबरपंक' आला तेव्हा. रस्ते वेळेत उभे राहत नव्हते, गाड्यांचे आकार डोळ्यांसमोर घडत होते. पीएस४ चा प्रोसेसर २०१३ सालीही दुबळाच होता आणि हार्ड डिस्क संथ. सोनीने तो गेम काही महिने आपल्या दुकानातून काढूनही टाकला होता. पुढे २०२३ मध्ये 'स्पायडर-मॅन २' फक्त पीएस५ वर आला आणि माझा प्रश्न मिटला. कन्सोल शेवटपर्यंत चालतो आणि मग एके दिवशी नवे गेम त्याच्यासाठी यायचेच थांबतात. मधली घसरण फारशी जाणवत नाही.

देखभाल म्हणाल तर सोलापूरच्या धुळीत पंखा ओरडायला लागला, की उघडून साफ करायचा आणि दर दोन-तीन वर्षांनी थर्मल पेस्ट बदलायची. बास.

लॅमिंग्टन_रोडवाला

पीसी जुळवून देणं हा माझा धंदाच आहे. २०२१ मध्ये पन्नास हजारांत काय बसत होतं ते आधी सांगतो. क्रिप्टोच्या मायनिंगमुळे ग्राफिक्स कार्डांचे भाव पेटले होते. आरटीएक्स ३०६० बारा जीबी निघालं खरं, पण एकट्या कार्डाला कन्सोलइतके पैसे मागत होते. भाच्याला जुळवून दिला तो असा: आय३-१०१००एफ, १६ जीबी रॅम, जीटीएक्स १६५० चार जीबी, पाचशे जीबी एसएसडी, ४५० वॉटचा एसएमपीएस. मॉनिटर घरचा.

पहिली दोन वर्षं मजेत गेली. २०२२ मध्ये जुना 'गॉड ऑफ वॉर' पीसीवर आला, तो १०८० पी ला मध्यम सेटिंगवर छान चालला. अडचण २०२३ मध्ये सुरू झाली, आणि ती वेगाची नव्हती, कार्डावरच्या मेमरीची होती. लक्षण ओळखायला सोपं आहे. सरासरी फ्रेम चांगल्या दिसतात, पण वळलात की चित्र क्षणभर गोठतं, किंवा भिंतींवरचं टेक्स्चर धूसर राहतं आणि उशिरा स्पष्ट होतं. कार्डावर जागा संपली की डेटा मदरबोर्डवरच्या रॅममध्ये जातो आणि तिथून पीसीआय स्लॉटमधून ये-जा करतो. तो रस्ता कार्डाच्या स्वतःच्या मेमरीपेक्षा फारच अरुंद. रिझोल्यूशन कमी करून त्यात थोडाच फरक पडतो. टेक्स्चर एक पायरी खाली आणलं की गोठणं लगेच थांबतं. तसं थांबलं तर समजा, मेमरीच कमी आहे.

केतकी_डोंबिवली

पण दादा, पीएस५ मध्येही १६ जीबीच आहे. भाच्याच्या पीसीत १६ अधिक ४, म्हणजे २० झाले. मग पीसी मागे कसा?

लॅमिंग्टन_रोडवाला

बेरीज बरोबर आहे, पण त्या दोन खोल्या वेगळ्या आहेत. पीएस५ चे १६ जीबी एकच आहेत, जलद जीडीडीआर६. थोडा भाग सिस्टीम ठेवते, उरलेल्यातून ग्राफिक्सला किती द्यायचे ते गेम ठरवतो, आठ-दहा जीबीही देता येतात. भाच्याच्या कार्डाला मात्र चारच. गेम बनवणारे कन्सोल डोळ्यांसमोर ठेवून टेक्स्चर बनवतात, म्हणून त्या पिढीत पीसी पुरा पडायला हवा असेल तर कार्डावरची मेमरी बघा, वेग नंतर.

दुसरी गोष्ट, डिसेंबर २०२४ मध्ये 'इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल' आला. त्याला हार्डवेअर रे ट्रेसिंग लागतंच. १६५० कार्डात ती सोयच नाही, म्हणून त्यावर तो खेळताच येत नाही. अपुरेपणाचा हा प्रकार सेटिंग कमी करून सुटत नाही. पीएस५ वर तोच गेम एप्रिल २०२५ मध्ये आला आणि २०२१ च्या यंत्रावर चालला.

भाच्याचा पीसी सुटला तो मधल्या काळात कार्ड बदललं म्हणून. वापरलेलं ३०६० बारा जीबी अठरा हजारांच्या आसपास मिळालं. त्याला आठ पिनची वेगळी जोडणी लागते, म्हणून एसएमपीएसही ५५० चा घेतला. जुनं कार्ड विकून थोडे आले. म्हणजे पन्नासचा पीसी सत्तरच्या जवळ गेला. पाच वर्षांची तुलना त्या आकड्याशी करा.

प्राची_आई

मुलगा यंदा इंजिनीअरिंगला गेलाय. कन्सोलवर ऑटोकॅड चालेल का? तो म्हणतो, ड्रॉइंगही होईल आणि गेमही.

केतकी_डोंबिवली

नाही चालणार, ताई. ड्रॉइंगचं काम असेल तर पीसी किंवा लॅपटॉपच.

कोल्हापुरी_मिसळ

या धाग्यात सगळे मोठ्या कथेच्या गेमचंच बोलतायत. मी चार वर्षं व्हॅलोरंट आणि काउंटर-स्ट्राइक खेळतोय, १६५० वरच. मला आजही काही कमी पडत नाही. शिवाय पीसीवर ऑनलाइन खेळायला मासिक पैसे नाहीत. पीएस५ वर बहुतेक विकतच्या गेमना ऑनलाइनसाठी पीएस प्लस लागतं. पाच वर्षांचं ते वर्गणीचं गणित धरा, मग बोला पन्नास की सत्तर.

सिद्धेश्वर_पेठ

ते मान्य. पण डिस्कवाला कन्सोल असेल तर गेम खेळून झाल्यावर विकताही येतो. मी बरेचसे गेम तसेच फिरवले.

नाशिक_रोड

मी २०१९ मध्ये रायझेन ५ २६०० आणि बी४५० बोर्ड घेतला होता. बोर्ड तोच, बायॉस अपडेट करून २०२४ मध्ये ५७००एक्स३डी बसवला. रॅम, कॅबिनेट, काही बदललं नाही. लॅमिंग्टनदादा, तुमच्या भाच्याचा आय३ चार कोरचा, पीएस५ मध्ये आठ आहेत. पुढे तोच नडणार का?

लॅमिंग्टन_रोडवाला

नडणार. गर्दीच्या शहरांत आत्ताच नडतो, तिथे कार्ड ७० टक्क्यांवर बसून राहतं. त्याच्या सॉकेटला इंटेलच्या दहाव्या-अकराव्या पिढीच्या प्रोसेसरपर्यंतच जाता येतं, तेही वापरलेला शोधून. तुमच्या बोर्डाला बरीच मोकळी वाट होती, तेवढी त्याला नाही.

केतकी_डोंबिवली

मग आता माझंच विचारते. माझ्याकडे ३०६० टीआय आहे, आठ जीबी. 'द लास्ट ऑफ अस' मार्च २०२३ मध्ये आला तेव्हा टेक्स्चर चिखलासारखे दिसत होते, नंतरच्या पॅचनी बरेच सुधारले. वेगाला कार्ड अजून चांगलं आहे. ते विकून बारा जीबीचं साधं ३०६० घ्यावं का?

लॅमिंग्टन_रोडवाला

मी घेणार नाही. १०८० पी ला टेक्स्चर 'हाय' ठेवा, 'अल्ट्रा' सोडा, टीआय पुढेच राहील.

नाशिक_रोड

माझं मत उलट आहे. १४४० पी चा मॉनिटर असेल तर पुढच्या दोन वर्षांत आठ जीबी रोज टोचेल. मॉनिटर कुठला आहे ते लिहा आधी.