लिफ्टमध्ये शेजाऱ्यांशी बोलावं की गप्प बसावं?

विश्रामबागकर: आमची सात मजली इमारत आहे. लिफ्टमध्ये रोज तेच चेहरे दिसतात, नावं माहीत नाहीत. मी नमस्कार करतो, निम्मे लोक मोबाइलमध्ये डोकं घालतात. बोलणं बरं की गप्प राहणं?

कृष्णाकाठ: बोलायलाच पाहिजे! 2019 च्या पुरात आमच्या अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये पाणी आलं, तेव्हा दूध-पाणी वर कुणी आणून दिलं? शेजाऱ्यांनीच. सांगलीत राहून साधा नमस्कार न घेणारा माणूस माजोरडाच म्हणायचा.

मिरजेची लेक: माजोरडा कशाला? माझी ड्यूटी रात्री साडेनऊला सुटते. नमस्काराला उत्तर दिलं की पुढचा प्रश्न ठरलेला, "एवढा उशीर? कुठं असता कामाला?" दार बंद, मजला येईपर्यंत उतरता येत नाही. रस्त्यावर मी चार पावलं पुढे निघून गेले असते. म्हणून मी गप्पच राहते.

भाऊ_तिसरा मजला: आमच्याकडे लाइट गेली की लिफ्ट मध्येच अडकते. बॅटरीवर जवळच्या मजल्याला नेऊन दार उघडणारं यंत्र बसवायला किती खर्च येतो?

विश्रामबागकर: भाऊ, तो विषय वेगळा आहे, त्यासाठी दुसरा धागा काढा.

समाजशास्त्राची शिक्षिका: ताईंचा मुद्दा खरा आहे, आणि त्याचं कारण जागेत आहे. सहा जणांच्या लिफ्टवर 408 किलो लिहिलेलं असतं, पण आतली जागा जेमतेम मीटरभर लांब-रुंद. तिघं शिरले की हातभर अंतरही उरत नाही. एवढ्या जवळ आपण फक्त घरच्यांनाच येऊ देतो, म्हणून सगळे मजल्याच्या आकड्याकडे बघत राहतात. त्यात उद्धटपणा नसतो. समाजशास्त्रज्ञ गॉफमन यांनी 1963 साली लिहून ठेवलंय की अनोळखी माणसाची क्षणभर नजरेनं दखल घ्यायची आणि नजर काढून घ्यायची, हीच सभ्यता. शेजारी मात्र ना धड अनोळखी, ना धड ओळखीचा, म्हणून गोंधळ होतो.

माझ्या मते नमस्कार दार उघडं असतानाच करावा, आत शिरता शिरता, आणि तिथंच संपवावा. दार मिटल्यावर अर्ध्या वाटेत काढलेला विषय समोरच्याला कोंडून विचारल्यासारखा वाटतो. मान हलली, एखादा शब्द आला तर पुढे बोला. नजर आकड्यावरच राहिली तर थांबा.

कृष्णाकाठ: मग ओळख वाढणार कधी? पुराच्या दिवशी कुणाचं दार वाजवायचं?

समाजशास्त्राची शिक्षिका: पार्किंगमध्ये, गच्चीवर, गणपतीच्या आरतीला. तिथून कुणालाही निघून जाता येतं.

कृष्णाकाठ: आरतीला येतात तेच चारजण. बाकीचे फक्त लिफ्टमध्येच भेटतात, बाई. मला हे पटत नाही.

विश्रामबागकर: पाचव्या मजल्यावरचे आजोबा कधीच उत्तर देत नाहीत. त्यांचं काय?

मिरजेची लेक: ऐकू येत नसेल. एकदा समोर उभं राहून हात जोडून बघा. आणि दादा, रात्री मी "तुम्ही व्हा पुढं" म्हटलं, तर दार धरून थांबू नका.