मदत हवी आहे: अवघडपणा आणि किंमत, दोन्हींची चाचणी एकत्र घ्यावी का?

नमस्कार मंडळी. पुण्यात बाणेरला आमची छोटी टीम आहे. आमचा कोड्यांचा गेम प्ले स्टोअरवर सुरू आहे.

लेव्हल २२ वर बरेच खेळाडू अडकून गेम सोडतात. म्हणून फायरबेस रिमोट कॉन्फिगमधून निम्म्यांना २५ चाली आणि निम्म्यांना २८ चाली द्यायच्या आहेत. तिथवर न पोचलेले खेळाडू मोजले तर फरक पातळ होतो, म्हणून `level_22_start` हा अ‍ॅक्टिव्हेशन इव्हेंट ठेवलाय. त्याने फक्त मोजणी गाळली जाते, व्हॅल्यू मात्र सगळ्यांनाच जाते, हे ध्यानात आहे.

दुसरी चाचणी नाण्यांच्या पॅकची: ₹१४९ की ₹८९. किंमत प्ले कन्सोलमध्येच ठरते, म्हणून दोन प्रॉडक्ट केलेत आणि कॉन्फिग फक्त `pack_149` किंवा `pack_89` हा आयडी पाठवतो. १४९ ला २ टक्के खेळाडू घेत असतील, तर ८९ ला तेवढाच गल्ला जमायला साधारण ३.३५ टक्के लागतील. नुसते खरेदीदार वाढले म्हणून स्वस्त पॅक जिंकला असं मी मानणार नाही.

खरी अडचण अशी की हा पॅक मुख्यतः २२ वर अडकल्यावरच विकला जातो. चाली वाढल्या की त्याची गरजच घटते. मग एकाच प्रयोगात चार गट करावेत, की आधी चाली पक्क्या करून मग किंमत तपासावी? २२ पर्यंत आठवड्याला दोनेक हजारच नवे खेळाडू येतात, त्यामुळे चार गटांत परस्परपरिणाम दिसायला फार वेळ जाईल अशी मला धास्ती आहे. ज्यांनी असं केलंय त्यांनी कृपया सांगा.